नऊ जणांचं स्टँड-अप ३५ मिनिटं का चालतं?

"आमच्या टीममध्ये मला धरून नऊ जण आहेत. रोज सकाळी दहाला स्टँड-अप मीटिंग असते. ठरलेली वेळ १५ मिनिटं, प्रत्यक्षात ३५ मिनिटं सहज जातात. माणशी एक मिनिट असा नियम मी केला, मोबाईलवर टायमर लावला. घंटी वाजत राहिली, तरी लोक बोलतच राहिले. आता एक ज्येष्ठ सहकारी माझ्यावर नाराज आहेत, त्यांचं अपडेट कधीच चार मिनिटांच्या आत संपत नाही. उलट टीममधली एक नवी मुलगी रोज 'कालचंच काम चालू आहे' एवढंच म्हणते, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मॅनेजर मॅडम अधूनमधून ऐकायला येतात तेव्हा वेळ अजूनच वाढतो. नियम कडक करू, की हे बंदच करून सगळ्यांना रोज लिहून पाठवायला सांगू?"
– एक टीम लीड

नमस्कार,

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करून बघू. ३५ मिनिटांतून सुरुवातीची, लोक जमेपर्यंतची दोन मिनिटं काढा. एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत माईक चालू करणं, 'आता कोण?' वगैरे होतंच. त्याची दर वेळी दहा सेकंदं, म्हणजे आठ वेळचं मिळून सव्वा मिनिट धरा. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची चार मिनिटं काढा. नव्या मुलीची पाच सेकंदं तर नगण्य. तरी साडेसत्तावीस मिनिटं उरतात आणि माणसं उरतात सात, त्यात तुम्हीही आलात. म्हणजे प्रत्येकी जवळजवळ चार मिनिटं. ज्यांच्याबद्दल तुम्ही तक्रार लिहिली आहे ते बाकीच्यांपेक्षा फारसे लांब बोलतच नाहीयेत. त्यांचं बोलणं तुम्हाला लांब वाटतं, याचं कारण कदाचित एवढंच की ते एकटेच बोलतात. इतरांच्या चार मिनिटांत चार जण बोलत असावेत, आणि त्यातले एक बहुतेक तुम्ही असाल.

हे खरं आहे का, ते तपासणं अवघड नाही. पुढचे तीन दिवस टायमर बंद ठेवा. कुणा एकाला कागद द्या आणि प्रत्येक पाळीच्या दोन वेळा टिपायला सांगा. बोलणाऱ्याचं स्वतःहून बोलणं कधी थांबलं ही पहिली, आणि पुढच्या माणसाने कधी सुरू केलं ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये जे गेलं ते अपडेट नव्हे. शक्य असेल तर त्या मधल्या वेळात पहिलं वाक्य कोणाचं होतं, तेही लिहायला सांगा.

मधल्या वेळात साधारण काय घडतं, ते एका पाळीवरून दाखवतो. रिपोर्ट डाउनलोड करायची सोय बनवणारा एक जण पन्नास सेकंदं बोलतो आणि थांबतो. तुम्ही विचारता, "पण मोठ्या फाईलला अडकतं हे कधीपासून?" तो सांगायला लागतो, एव्हाना एकूण दीड मिनिट होतं. तेवढ्यात दुसरा म्हणतो, "मागे आपण तुकडे करून पाठवलं होतं, तसं करून बघ ना." तसं इथे का चालणार नाही यावर दोघांचं जुंपतं, एकूण अडीच मिनिटं होतात. टेस्टिंग बघणारी विचारते, मग मी हे आज धरू की उद्या? त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, तरी सगळे देतात. शेवटी तुम्ही म्हणता, "बरं, पण आज होईल ना?" आणि तो बिचारा अर्धं मिनिट तुमची समजूत घालतो. एकूण तीन मिनिटं चाळीस सेकंदं, त्यातलं त्याचं स्वतःचं बोलणं पन्नास सेकंदांचं. तुमची घंटी कधी वाजली? साठाव्या सेकंदाला, म्हणजे तो तुमच्याच प्रश्नाचं उत्तर देत असताना. लोक घंटीच्या वरून बोलत राहतात त्याचं नवल नको. ज्याने विचारलं त्याला उत्तर द्यायचं की त्यानेच लावलेली घंटी ऐकायची, यात माणूस उत्तरच देणार.

म्हणून नियम कडक करण्याआधी तो कोणाला लावायचा आहे, ते ठरवा. माझ्या मते पहिला नियम तुम्हालाच लागतो. स्टँड-अप चालू असताना लीडने 'का', 'कसं' आणि 'कधीपर्यंत' हे तीन प्रश्न विचारायचे नाहीत. एकच विचारायचा, "यात तुला कोण लागेल?" त्याचं उत्तर एका नावात येतं. पहिले काही दिवस हे फार जड जाईल, कारण न विचारता गप्प बसणं म्हणजे आपलं लक्षच नाही असं लीडला वाटतं. तुम्हाला अडवायची परवानगी टीममधल्या एखाद्याला उघडपणे देऊन ठेवा.

दुसरी गोष्ट, ही मीटिंग कोणासाठी आहे याबद्दल तुमच्या टीममध्ये गोंधळ असावा असं पत्रावरून वाटतं. उद्या एक निरीक्षण करा. बोलणारा बोलताना कोणाकडे बघतो? तुमच्याकडे बघत असेल तर तो हजेरी देतोय. हजेरी देणारा माणूस आपण दिवसभर रिकामे नव्हतो हे सिद्ध करायच्या मागे असतो. मग तो दुपारची मीटिंग सांगतो, मध्येच आलेले दोन फोन सांगतो, लॉग बघितले पण काही सापडलं नाही हेही सांगतो. ते खोटं नसतं, पण त्याचा उरलेल्या सात जणांना काडीचा उपयोग नसतो. मॅनेजर मॅडम आल्या की वेळ वाढते तीही यामुळेच, कारण हजेरी घेणारे दोन होतात.

हा गोंधळ फक्त तुमच्याकडेच आहे असं नाही. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न इतके रुळले आहेत की स्टँड-अप म्हणजेच हे तीन प्रश्न, अशी समजूत झाली आहे. गंमत म्हणजे स्क्रम नावाच्या ज्या कार्यपद्धतीच्या नावाने ते विचारले जातात, त्या स्क्रमच्या अधिकृत गाइडच्या २०२० च्या आवृत्तीत हे प्रश्न आता नाहीत. ही बैठक प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची, तिला मर्यादा १५ मिनिटांची, आणि तिच्यातून पुढच्या दिवसाची योजना निघावी, एवढं राहिलं आहे. कसं बोलायचं ते टीमने ठरवायचं.

तीन प्रश्न ठेवायला माझी हरकत नाही, क्रम मात्र उलटा करा. आधी अडचण किंवा गरज, मग आज काय होणार, आणि 'काल' सगळ्यात शेवटी, तेही कालच्या कामाने दुसऱ्या कुणाचं काम बदलत असेल तरच. आपल्याकडे नमनालाच घडाभर तेल जातं आणि मुद्द्याची गोष्ट घंटी वाजल्यावर निघते. क्रम उलटा केला की वेळ संपला तरी फक्त 'काल' कापला जातो.

रिपोर्ट डाउनलोडवाल्याचीच पाळी पुन्हा घेऊ. तो पन्नास सेकंदांत काय बोलला ते असं:

"काल सकाळी ग्राहकांच्या दोन तक्रारी आल्या होत्या त्या बघितल्या, त्यात बराच वेळ गेला. मग रिपोर्ट डाउनलोड हातात घेतलं. ते तसं जवळपास झालंय, म्हणजे लहान फाईल नीट उतरते, पण मोठी असली की मध्येच अडकते. मला वाटतं सर्व्हरची वेळमर्यादा कमी असेल, किंवा आपण सगळा डेटा एकदम उचलतोय म्हणूनही असेल. दुपारी मीटिंग होती त्यामुळे फार पुढे गेलो नाही. मग लॉग बघितले, त्यात खास काही दिसलं नाही. आज तेच पुढे नेतो, आणि झालं तर फिल्टरचं काम घेतो."

हे ऐकून कोण काय करणार? काहीच नाही. आणि कुणाला काही करता येत नाही म्हणूनच प्रश्न सुरू होतात. आता तोच माणूस, तेच काम:

"रिपोर्ट डाउनलोड मोठ्या फाईलवर अडकलंय. सर्व्हरची वेळमर्यादा किती ठेवली आहे ते मला दुपारच्या आत कळायला हवं, सर्व्हर बघणाऱ्याची दहा मिनिटं हवीत. ते सुटलं तर संध्याकाळी टेस्टिंगला देतो. नाही सुटलं तर फिल्टरचं काम आज सुरू होत नाही."

सावकाश बोललं तरी पाऊण मिनिटाच्या आत. यात तीन माणसांना आपापला निरोप मिळाला. सर्व्हरवाल्याला दहा मिनिटं द्यायची आहेत, टेस्टिंगवालीला हे काम संध्याकाळआधी येणार नाही हे कळलं, आणि फिल्टरवर ज्याचं पुढचं काम अडून आहे त्याने आज दुसरं काहीतरी हातात घ्यावं. अडचणीच्या कारणाबद्दलचे दोन अंदाज मात्र गळाले. अंदाज सांगितला की त्यावर मत देण्याचा मोह इतरांना आवरत नाही. तो अंदाज सर्व्हरवाल्यासोबतच्या दहा मिनिटांत सांगावा, तिथे त्याचा उपयोग आहे.

टीमला चाळणी म्हणून एकच प्रश्न द्या: हे वाक्य ऐकून इथलं कोणी आज काही वेगळं करणार आहे का? नसेल तर ते वाक्य बोलायचं नाही. सगळी वाक्यं गळून पडली तर "माझं ठरल्याप्रमाणे चाललंय, कुणाची गरज नाही" एवढं म्हणून पुढच्याला द्यावं. ते चालतं, असं तुम्ही स्वतः तोंडाने सांगावं लागेल, नाहीतर दहा सेकंदांत आटोपणाऱ्याला आपण कामचुकार दिसू अशी भीती वाटते. आणि दहाच्या आधी दोन मिनिटं प्रत्येकाने आपलं टास्क बोर्डावर उघडून बघावं, जमलं तर एक ओळ लिहून ठेवावी. आपण कुठे होतो हे बोलता बोलता आठवणारा माणूस नेहमी लांबतो.

आता मधल्या वेळात ज्या चर्चा होतात त्यांचं काय? त्या फालतू नसतात. तुकडे करून पाठवायची सूचना कदाचित अगदी बरोबर असेल. फक्त ती ऐकायला नऊ जणांनी उभं राहायची गरज नाही. "हे नंतर बोलू" असं बहुतेक लीड म्हणतातच, तरी लोक सोडत नाहीत, कारण आजवरचा अनुभव असा की 'नंतर' कधी येत नाही. एकदा मीटिंग सुटली की जो तो आपल्या खुर्चीत, आणि मग त्या दोघांना एकत्र आणायला दुपार उजाडते. म्हणून त्या 'नंतर'ला घड्याळात जागा द्या. कॅलेंडरवर दहा ते सव्वादहा स्टँड-अप आणि सव्वादहा ते साडेदहा मोकळं, असं सगळ्यांचंच अडवून ठेवा. त्या मोकळ्या वेळात ज्यांचा विषय निघाला तेवढेच थांबतील.

करायचं ते असं. बोर्डाच्या कोपऱ्यात किंवा मीटिंगच्या चॅटमध्ये 'नंतर' अशी यादी. कुणाची चर्चा सुरू झाली की कोणीही, फक्त तुम्हीच नव्हे, हात वर करायचा. मग विषय आणि थांबायची माणसं लिहायची: "डाउनलोड, तुकडे करणं – हे दोघं". नावं लिहिणं महत्त्वाचं, कारण नुसता विषय लिहिला तर नऊच्या नऊ रेंगाळतात आणि स्टँड-अप तसंच पुढे चालू राहतं. नववा बोलून झाला की यादी वाचायची, ज्यांची नावं नाहीत ते निघाले. एका वेळी दोन-तीन विषय निघाले तर ते एकामागून एक नव्हे, जोड्या वेगळ्या असतील तर एकदमच बोलून घ्यायचे. यादीत रोज पाच-सहा विषय यायला लागले तर मात्र थांबून विचार करा. तसं होत असेल तर स्टँड-अप ठीक आहे, कामांची वाटणी करताना काहीतरी धड बोललं जात नाहीये.

टायमरबद्दल थोडक्यात. घंटी काढून टाका, घड्याळ ठेवा. सगळ्यांना दिसेल असं, आवाज न करणारं, बोलणाऱ्याला स्वतःला बघता येईल असं. मिनिट झालं तर हातातलं वाक्य पुरं करून थांबायचं. दंड, उशिरा आलेल्याने चहा पाजणं वगैरे गमती करू नका, आठवड्याभरात त्याची थट्टा होते. सूत्रसंचालन रोज वेगळ्याकडे द्या म्हणजे घड्याळ तुमचं राहणार नाही. ऑनलाइन असाल तर बोलायचा क्रम आधीच चॅटमध्ये टाकून ठेवा, 'तू बोलतोस की मी?' यातली दहा-दहा सेकंदं वाचतात. ज्याचं काम अडलं आहे त्याला मात्र क्रमात पहिला घ्या, सगळे ताजे असतात तेव्हा.

उभं राहण्याचा फायदा होतो का, असंही तुमच्या मनात असेल. होतो, पण मर्यादित. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात एकच काम काही गटांना बसून आणि काहींना उभ्याने बैठक घेऊन करायला दिलं होतं. बसलेल्यांना ३४ टक्के जास्त वेळ लागला आणि निर्णयाचा दर्जा मात्र दोन्हीकडे सारखाच निघाला. हाच हिशेब तुम्हाला जसाच्या तसा लागू झाला तरी बसून ३५ मिनिटांचं उभ्याने २६ मिनिटं होईल. पंधरा नाही. पायांनी होणारं काम तेवढंच. आणि ज्यांना उभं राहणं जड जातं त्यांना आग्रह करू नका.

आता त्या नव्या मुलीकडे येतो, जिच्याबद्दल तुमची तक्रार नाही. माझी आहे, म्हणजे तिच्याबद्दल नव्हे, तुमच्या निश्चिंतपणाबद्दल. एक मिनिट ही वरची मर्यादा आहे. त्याच्या जितकं खाली तितकं चांगलं, असं नाही. 'कालचंच काम चालू आहे' हे एकदा ऐकलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर कान टवकारा. तिसऱ्या दिवशीही तेच वाक्य आलं तर दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एक तर काम इतकं मोठं कापलं आहे की दिवसाअखेरीला दाखवण्यासारखं काही हाताला लागत नाही, किंवा ती अडकली आहे आणि आठ अनुभवी लोकांसमोर ते म्हणायची तिची हिंमत होत नाहीये. 'जवळपास झालंय' हे त्याच वाक्याचं थोरलं भावंड, तेही तीन दिवस लागोपाठ आलं तर असंच समजा.

सगळ्यांसमोर तिला "नेमकं काय चालू आहे?" असं विचारू नका. तिने आणखी आक्रसून घेतलं तर कोणाला दोष देणार? दुपारी तिच्या शेजारी बसून विचारा, "उद्या सकाळपर्यंत यातलं कोणतं एक काम झालेलं दिसेल?" तिला सांगता आलं तर तेच उद्याचं अपडेट. सांगता आलं नाही तर दोघांनी मिळून त्या कामाचे एकेका दिवसात संपतील असे तुकडे करा. तुकडे तिने स्वतः पाडले तर उत्तम, तुम्ही फक्त 'याच्या आधी काय लागेल?' असं विचारत राहा. ती अडकलेली आहे असं निघालं तर तिच्या वतीने तुम्ही बोलू नका. दुसऱ्या दिवशी तिला एकच वाक्य म्हणायला सांगा, "मला अमुकची अर्धा तास मदत हवी." ते वाक्य म्हटल्यावर मदत खरोखर मिळाली, की पुढच्या वेळी सांगावं लागणार नाही.

आणि ते ज्येष्ठ सहकारी. त्यांचं बोलणं मी ऐकलेलं नाही, पण अशी चार मिनिटं बहुधा शिकवण्याची असतात. एखादा निर्णय असाच का घेतला, तसा घेतला असता तर काय झालं असतं, पूर्वी कुठे काय फसलं होतं. टीममध्ये हे कुणीतरी सांगायलाच हवं. तुमच्याकडे त्याला दुसरी जागा नाही, म्हणून ते स्टँड-अपमध्ये येतं. घंटी वाजवून तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर, विशेषतः नव्या मुलांसमोर, गप्प केलंत, आणि राग त्याचा आहे.

त्यांच्याशी एकट्याने बोला, लवकर बोला आणि घंटीपासून सुरुवात करा. "घंटी लावायला नको होती, ती काढतोय. तुम्ही सकाळी जे समजावून सांगता ते ऐकण्यासारखं असतं, पण त्या वेळी निम्मे लोक आपली पाळी येईल याच्या विचारात असतात, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास तुमच्यासाठी ठेवू का? विषय तुम्ही ठरवा. सकाळी मात्र आज काय आणि कोण हवं, एवढंच." या शब्दांत बोला किंवा तुमच्या, पण अर्धा तास खरोखर कॅलेंडरवर टाका. नुसती गोड बोलून केलेली बोळवण त्यांना लगेच कळेल. त्यानंतरही ते चार मिनिटं बोलत राहिले तर इतरांसाठी जी खूण ठरली आहे तीच त्यांच्यासाठीही, हात वर आणि विषय 'नंतर'च्या यादीत. वयाने मोठे आहेत म्हणून सूट दिली तर नियम फक्त नव्यांसाठी आहे असा निरोप जातो.

मॅनेजर मॅडमना येऊ नका म्हणणं अवघड असतं, म्हणून त्या कशासाठी येतात ते विचारा. बहुतेक वेळा त्यांना हवं असतं ते एवढंच की कोणती कामं तारखेला होणार आणि कोणती लांबणार. ते तुम्ही आठवड्यातून दोनदा पाच ओळींत लिहून पाठवू शकता, आणि बोर्ड त्यांच्यासाठी उघडा ठेवू शकता. तरी त्या आल्याच तर फक्त ऐकावं आणि प्रश्न नंतर तुम्हाला विचारावेत, असं आधी बोलून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बंद करून लिहूनच घेऊ का. निम्मं घ्या. 'काल काय केलं' हे लिखाणात फार छान बसतं. दहाच्या आत चॅटमध्ये दोन ओळी टाकायच्या, ज्याला हवं तो वाचेल. गरज आणि अडचण मात्र लिहून मागितली तर ती वाचली गेली की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि जी मुलगी तोंडाने सांगत नाही ती लिहून तर मुळीच सांगणार नाही. समोरच्याने "हो, बाराला बसू" असं म्हटल्यावर जी खात्री होते, तेवढ्यापुरतं बोलणं ठेवा. पूर्ण लिखाणावर जायला दोनच कारणं मला पटतात. एक, टीममधले लोक इतक्या वेगवेगळ्या वेळांना काम करतात की सगळ्यांना सोयीची वेळच नाही. दोन, एकाच्या कामाचा दुसऱ्याशी काही संबंधच नाही. दुसऱ्या बाबतीत नऊ जणांची ती टीम नावापुरतीच असते. ज्यांची कामं एकमेकांत गुंतली आहेत अशा चार-पाच जणांचे गट करा, त्यांचं स्टँड-अप आपोआप आवरतं घेतलं जाईल.

काही दिवस असेही येतील की एक मिनिट पाळणं मूर्खपणाचं ठरेल. रात्री सगळी सिस्टीम बंद पडली असेल तर सकाळी फेरी घेऊच नका. ज्यांनी रात्र काढली त्यांनी पाच मिनिटं सांगावं, कोणी काय सोडून या कामाला लागायचं ते ठरवावं, आणि बाकीची अपडेटं चॅटमध्ये. नवं काम सुरू होण्याचा पहिला दिवसही असाच, त्या दिवशी वेगळी मीटिंग लावा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. आधी तीन दिवस मोजणी. मग तुमचे प्रश्न बंद आणि 'नंतर'ची यादी. त्यानंतरच्या आठवड्यात उलटा क्रम. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच दोन वेळा टिपा. मधला वेळ गेला आणि स्वतःचं बोलणं तेवढंच राहिलं असेल तर ठीक चाललंय. एकूण वेळ पंधराच्या आत आला आहे, पण "मी अडकलोय" हे तुम्हाला सकाळी दहाऐवजी संध्याकाळी पाचला कळायला लागलं आहे, असं दिसलं, तर मिनिट चुकीच्या ठिकाणी कापलं गेलं आहे. तसं असेल तर घड्याळ आठवडाभर काढून ठेवा आणि प्रत्येकाला फक्त "तुला आज कोण लागेल?" एवढंच विचारून बघा.